पान ७ मानायचे की पान १९?

*"फोंड्याला काजू आणि कोकमाचे पदार्थ विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी मजकूर लिहिते. पाकिटं, व्हॉट्सअ‍ॅप, दुकानातले फलक, सगळं माझ्याकडेच. मुंबईच्या एजन्सीने ३४ पानांच्या ब्रँड गाइडलाइन्स करून दिल्या आहेत. मालक म्हणाले, 'आठ दिवसांत बघून काय चुकलंय ते सांग, मग नवीन पाकिटं छापायला देऊ.' दोनदा वाचलं. वाचताना सगळं पटतं, लिहायला बसलं की अडतं. नेमकं काय आणि कसं तपासू? काही पानांचे फोटो सोबत पाठवतेय."*
*– एक वाचक, फोंडा*

आता तिसऱ्यांदा वाचू नका. गाइडलाइन्समधले दोष सलग वाचनात सापडत नाहीत, कारण पान ७ वाचताना पान १९ डोळ्यांसमोर नसते आणि चांगल्या मांडणीत प्रत्येक पान आपापल्या जागी शहाणेच दिसते. दस्तऐवज आधी सुटा करा आणि मग त्याच्यावरून खरा मजकूर लिहून बघा. दोष या दोन कामांतून वर येतात.

सुटा करायचा म्हणजे असे. एक्सेलची एक शीट उघडा. लिहिणाऱ्याला काहीतरी करायला किंवा टाळायला सांगणारे प्रत्येक वाक्य एका ओळीत उतरवा. शब्द तसेच्या तसे ठेवा, आपल्या भाषेत आणू नका. त्यापुढे पान क्रमांक, विषय, नियम कुठे लागू होतो (पाकीट, व्हॉट्सअ‍ॅप, फलक की सगळीकडे), तो सक्तीचा आहे की शिफारस, आणि त्याच पानावर उदाहरण आहे का, एवढे रकाने पुरेत. चित्रांच्या खालच्या ओळी, नमुना पोस्ट, नमुना पाकीट यांतला मजकूरही उतरवा. तो नियम म्हणून लिहिलेला नसला तरी लोक नक्कल त्याचीच करतात. ३४ पानांना एक दिवस लागेल. 'आमचा प्रवास', 'आमची मूल्ये' असली पाने सोडून द्या, तिथे बहुतेक पाळण्यासारखे काही नसते.

सगळे उतरवले की शीट विषयाच्या रकान्याने लावा. ग्राहकाला संबोधन, उत्पादनाची नावे, आकडे, भाषा, दावे. एकाच विषयाच्या ओळी एकाखाली एक आल्या की निम्मे विरोध तिथेच दिसतात. तुमच्या फोटोंतलाच पहिला घ्या. पान ७ म्हणते, 'ग्राहकाला नेहमी तुम्ही म्हणावे.' पान १९ वरची नमुना पोस्ट म्हणते, 'माटोळीचा बाजार झाला, आता काजू घेतलेस ना?' दस्तऐवजाने स्वतःचाच नियम स्वतःच्या उदाहरणात मोडण्याचा हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. नियम एकाने लिहिलेले असतात, नमुने दुसऱ्याने, आणि दोन्ही शेजारी ठेवून कोणी पाहिलेले नसते. लिहिणारा मात्र नियमापेक्षा नमुन्यावर विश्वास ठेवतो, म्हणून पान १९ तसेच राहिले तर पान ७ असून नसल्यासारखे आहे.

दुसऱ्या प्रकारचा विरोध शीटमध्येही दिसत नाही. पान ९ वर 'एका वाक्यात १२ पेक्षा जास्त शब्द नकोत' असे आहे आणि पान १४ वर 'उत्पादनाचे पूर्ण नाव प्रत्येक वेळी लिहावे'. दोन्ही नियम वेगवेगळे चांगलेच आहेत. आता चतुर्थीचा साधा निरोप लिहा: 'चतुर्थीसाठी विस्तवावर भाजलेले खारे गोवा काजू आणि मीठ घातलेले घट्ट कोकम आगळ आजपासून फोंड्याच्या दुकानात मिळतील.' शब्द मोजा, सोळा भरतात. त्यांतले दहा शब्द दोन नावांनीच खाल्ले. एका उत्पादनाबद्दल लिहिताना हे नियम सुखाने नांदतात, दोन एकत्र आली की भांडतात. म्हणून तपासणीत एक वाक्य एका उत्पादनाचे, एक दोन उत्पादनांचे आणि एक मजकूर अगदी अपुऱ्या जागेचा, उदाहरणार्थ पाकिटाची पुढची बाजू, असे तिन्ही लिहून बघायलाच हवेत.

असा विरोध सोडवताना कुठला नियम काढायचा हे विचारू नका, कुठला कुठे लागू करायचा हे विचारा. पूर्ण नाव पाकिटावर, बिलावर आणि वेबसाइटवरच्या उत्पादनाच्या शीर्षकात. बाकी सगळीकडे ठरवून दिलेले छोटे नाव, 'खारे काजू' आणि 'कोकम आगळ'. छोटी नावे मात्र तक्त्यात लिहूनच द्यावी लागतील. ती लिहिणाऱ्यावर सोडली तर महिन्याभरात एकाच पाकिटाची चार नावे होतील. कुठे लागू होतो हे न लिहिल्यामुळे झालेले असे खोटे विरोध बरेच असतात आणि ते एका अर्ध्या वाक्याने मिटतात.

तिसऱ्या प्रकारच्या विरोधाशी मात्र पाकिटे छापण्याआधीच भिडावे लागेल. तो म्हणजे दस्तऐवज आणि कायदा यांच्यातला. पान ६ सांगते, 'पाकिटावर सर्व मजकूर मराठी व कोंकणीत, इंग्रजी टाळावी.' हेतू आपुलकीचा आहे आणि गोव्यात तो शोभतोही. पण वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार पाकिटावरचा सक्तीचा तपशील, म्हणजे निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता वगैरे, इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावाच लागतो. खाद्यपदार्थांच्या लेबलांचे नियमही हेच मागतात. त्याच्या जोडीला दुसरी कोणतीही भाषा चालते. मराठी आणि कोंकणी देवनागरीत लिहिल्या म्हणून हिंदीची अट पूर्ण होत नाही. तेव्हा पान ६ चा नियम असा हवा: 'पुढच्या बाजूची ओळख व वर्णन मराठी-कोंकणीत. कायद्याने लागणारा तपशील इंग्रजीत, हवा तर शेजारी मराठीत.' हा विरोध निसटला तर दुरुस्तीला छापील पाकिटे टाकून द्यावी लागतात, म्हणून अहवालात तो सगळ्यांत वर ठेवा.

त्याच गठ्ठ्यात पान ११ ठेवा. तिथे 'आवर्जून वापरायचे शब्द' म्हणून ताजे, घरगुती, अस्सल, नैसर्गिक, पारंपरिक अशी यादी आहे, आणि पान २६ वर 'सिद्ध करता येणार नाही असा दावा करू नका' असे बजावले आहे. ही दोन पाने एकमेकांना खोडतातच, वर अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे एफएसएसएआयचे २०१८ चे नियम यादीतल्या शब्दांवर थेट बोलतात. 'ताजे' हा शब्द धुणे, सोलणे, कापणे, थंड ठेवणे अशा किरकोळ क्रियांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या मालापुरता आहे, त्यामुळे भाजलेल्या, मीठ लावलेल्या काजूला तो लावता येत नाही. घरी बनवल्याचा चुकीचा समज करून देणारे शब्द कारखान्यातल्या मालाला चालत नाहीत. अस्सल, नैसर्गिक, पारंपरिक यांनाही अटी आहेत. कुठल्या पदार्थाला कुठला शब्द बसतो हे तुमचा अन्न परवान्याचा सल्लागार नियमावली समोर ठेवून सांगेल. तो निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका आणि एजन्सीनेही घेऊ नये.

यादी नुसती खोडली तर लिहिणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, म्हणून प्रत्येक विशेषणाच्या जागी एक वस्तुस्थिती सुचवा. 'ताजे काजू'च्या जागी 'भाजल्याची तारीख पाकिटामागे छापली आहे'. 'घरगुती चव'च्या जागी 'घटक दोनच: काजू आणि मीठ', अर्थात ते खरे असेल तर. वाचणाऱ्याला असे वाक्य विशेषणापेक्षा जास्त सांगते आणि ते तपासता येते.

'गोवा काजू' या नावाबद्दल दस्तऐवजात एक अक्षर नाही, हीसुद्धा चूक म्हणून नोंदवा. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि गोव्यातल्या कारखान्यांत परदेशातून आणलेल्या काजूबियाही फोडल्या जातात. मग कुठल्या मालाच्या पाकिटावर 'गोवा' लिहायचे, ते कोण ठरवणार आणि कुठल्या खरेदीच्या कागदावरून, हे नियमात हवे. तुमच्या उत्पादनाच्या पूर्ण नावातच तो शब्द बसला आहे. मालकांना हा प्रश्न लेखी विचारा.

आता मोघम सल्ल्याकडे वळू. शीटमध्ये शक्यतो, योग्य, गरजेनुसार, आकर्षक, अतिरेक टाळा, साधे-सोपे हे शब्द शोधा आणि त्या ओळी रंगवा. पण शब्द सापडला म्हणून नियम मोघम ठरत नाही. 'शक्यतो बिलावर छोटे नाव नको. छपाईची जागा ३० अक्षरांपेक्षा कमी असेल तरच' यात 'शक्यतो' आहे, तरी काय करायचे ते स्पष्ट आहे. उलट पान ४ वरचे 'आमचा सूर मैत्रीपूर्ण, पण व्यावसायिक असावा' यात संशयास्पद शब्द एकही नाही आणि तरीही त्यावरून काहीच ठरत नाही.

मोघमपणाची खरी परीक्षा दोन माणसांनी होते. तुम्ही आणि दुकानातले किंवा हिशेबातले कोणीतरी, दोघांनी वेगवेगळे बसून, फक्त गाइडलाइन्स समोर ठेवून तीन मजकूर लिहा: एका उत्पादनाचे चार ओळींचे वर्णन, पुण्याच्या ग्राहकाला कुरिअर उशिरा पोचेल असा निरोप, आणि काजू खवट लागले या तक्रारीला उत्तर. अर्धा तास पुरे. मध्ये बोलायचे नाही. मग कागद शेजारी ठेवा. जिथे दोघांचे वेगळे आले आणि कोणाचे बरोबर हे कुठल्याही पानावर बोट ठेवून सांगता येत नाही, तिथला नियम मोघम. जिथे वेगळे आले पण पान दाखवून निकाल लागतो, तिथे नियम ठीक आहे, फक्त एकाच्या नजरेतून सुटला. तो बहुधा चुकीच्या पानावर लपलेला असतो.

तक्रारीचे उत्तर मुद्दाम घ्यायला सांगतो आहोत. वर्णन लिहिताना सगळेच गोड लिहितात, सुराचा नियम कसोटीला लागतो तो कोणी चिडलेले असताना. पान ४ वरून एकजण लिहील, 'अरेरे! काळजी नको, लगेच बदलून देतो 😊' आणि दुसरा लिहील, 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.' पहिला म्हणेल मी मैत्रीपूर्ण आहे, दुसरा म्हणेल मी व्यावसायिक आहे, आणि दोघांनाही पान ४ पाठीशी घालेल. या वाक्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर निर्णय घ्यावा लागेल: संबोधन 'तुम्ही', 'आपण' नाही. माफी एकदाच, पहिल्या वाक्यात, आणि कशाबद्दल ते सांगून. दुसऱ्या वाक्यात आपण काय करणार आणि कधी. तक्रारीच्या उत्तरात उद्गारचिन्ह व इमोजी नाही. 'घेण्यात आली आहे', 'करण्यात येईल' अशी कर्ता लपवणारी क्रियापदे नाहीत. एवढे ठरल्यावर तेच उत्तर असे येते: 'काजू खवट लागले याबद्दल माफ करा. दुसरे पाकीट उद्या कुरिअरने पाठवतो. जुने परत पाठवायची गरज नाही, पाकिटामागचा बॅच क्रमांक तेवढा कळवा.' आता तिसऱ्या माणसाने लिहिले तरी फार दूर जाणार नाही.

प्रत्येक गोष्टीला असा काटा लावता येत नाही, हेही मान्य करा. आपुलकी किती हवी हे शब्द मोजून ठरत नाही. अशा ठिकाणी नियम आणखी घासत बसू नका, तिथे उदाहरणे काम करतात.

तुमच्या पानांत उदाहरणे दोनच तऱ्हेची दिसतात. एक तर सुंदर छायाचित्रावरची एकच बरोबर ओळ, नाहीतर लाल फुलीची चुकीची ओळ आणि पुढे रिकामे. पहिलीतून सीमा कुठे आहे ते कळत नाही, दुसरीतून मग काय लिहायचे ते कळत नाही. जोडी लागते. तीही एकाच मजकुराची, आणि दोन्हींत फरक फक्त त्या नियमापुरता. पान २६ चा दाव्यांचा नियम घ्या. एजन्सीचे चुकीचे उदाहरण आहे 'जगातले सर्वोत्तम काजू!!!' असे तुमच्याकडे कोणी लिहीतच नाही, त्यामुळे ते बघून कोणी सुधारतही नाही. चुकीचे उदाहरण असे हवे की घाईत आपणही तेच लिहिले असते. ते जुन्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपांत आणि मागच्या वर्षीच्या फलकांवर सापडेल.

चूक: 'कोकम आगळ – पित्तावर रामबाण, २०० मिली.'
बरोबर: 'कोकम आगळ – सोलकढीसाठी व सरबतासाठी, २०० मिली.'
कारण: आजारावर गुण येतो असे खाद्यपदार्थाबद्दल लिहायचे नाही. वापर सांगायचा.

कारणाची ती एक ओळ गाळू देऊ नका. ती नसेल तर लिहिणारा 'रामबाण' काढून 'गुणकारी' घालतो आणि आपण नियम पाळला असे समजतो. जिथे सीमा धूसर आहे तिथे तिसरी ओळ जोडा, 'चालेल' अशी. वरच्या बाबतीत 'उन्हाळ्यात प्यायला' चालेल, कारण त्यात प्रसंग आहे, उपचार नाही. संबोधन, नावे, आकडे अशा साध्या नियमांना एक जोडी पुरते. सुराला निदान तीन जोड्या लागतात: नेहमीचा निरोप, तक्रार, आणि सणाचा मजकूर.

उदाहरणे तपासताना दोन गोष्टी हमखास निसटतात. पहिली: प्रत्येक 'बरोबर' ओळ फक्त आपल्या नियमावर नव्हे, शीटमधल्या सगळ्या नियमांवर घासून बघा. पान १९ ची गफलत नेमकी तिथून आली. दुसरी: चूक आणि बरोबर हे शब्दांतच छापलेले असावेत. नुसता लाल-हिरवा रंग काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये जातो आणि लाल-हिरवा वेगळा न ओळखणाऱ्यांना दिसतच नाही. मग चुकीची ओळच कोणीतरी उचलून फलकावर रंगवतो.

अहवाल देताना ३४ पाने पुन्हा लिहायला घेऊ नका, ते काम एजन्सीचे. शीटमधल्या फक्त अडलेल्या ओळी काढा आणि तीन गठ्ठे करा. छपाईआधी सुटायलाच हवे (पान ६, पान ११, 'गोवा' शब्द). लिहिणाऱ्याला निर्णय घेता येत नाही (७ व १९, ९ व १४, पान ४). आणि बाकी किरकोळ. प्रत्येक ओळीला पान क्रमांक, जसेच्या तसे शब्द, त्यावरून लिहिताना आलेला खरा मजकूर, आणि तुमची सुचवणी. 'पान ४ मोघम आहे' असे लिहिले तर एजन्सी वाद घालेल. पान ४ वरून दोघांनी लिहिलेली दोन उत्तरे शेजारी ठेवली तर वादाला जागा उरत नाही, मालकांनाही ती एका नजरेत कळतात. प्रत्येक प्रश्न एका वाक्यात उत्तर देता येईल असा विचारा: 'पोस्टमध्ये तू चालेल का, हो की नाही?' पुढे नवा प्रश्न आला तर शेवटचा शब्द कोणाचा, त्या माणसाचे पद गाइडलाइन्सच्या पहिल्या पानावर मागून घ्या.

दुरुस्त प्रत आली की तीच तीन कामे, वर्णन, उशिराचा निरोप आणि तक्रार, अशा माणसाला द्या ज्याने जुनी प्रत पाहिलेली नाही. दुकानाच्या काउंटरवरचे कोणीही चालेल. त्या माणसाने काय लिहिले याहून कुठे थांबून तुम्हाला विचारले, ते टिपून ठेवा. शेवटी, जुनी फाइल ज्या ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली आहे तिथे नवी टाका, फाइलच्या नावातच आवृत्तीची तारीख घाला, आणि छापखान्याला व फलक रंगवणाऱ्याला जुनी काढून टाकायला स्वतः फोन करून सांगा.